मेणावरचं कुंकू आणि मे महिन्यातली नवरी

जुन्या फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्या जोडीला मेणाची छोटी डबी असे. आधी बोटाच्या टोकावर जरासं मेण घेऊन ते मऊ होईपर्यंत चोळायचं, कपाळावर त्याचा गोल टेकवायचा आणि मग त्या गोलावर कोरडी पिंजर दाबायची. आजूबाजूला सांडलेली पिंजर फडक्याच्या टोकाने झटकली की कुंकू रेखीव दिसायचं. ते लावून बाई चुलीपुढे बसे, विहिरीवर जाई, भर उन्हात शेतात राबे, आणि तरी दिवेलागणीला कुंकू जागच्या जागी असे. नुसती पिंजर लावली असती तर घामाच्या पहिल्या ओघळाबरोबर ती नाकावर आली असती. नुसतं मेण उन्हात मऊ पडून पसरलं असतं. मेणाने पिंजर धरून ठेवली आणि पिंजरीने मेणाचा चिकटपणा झाकला, म्हणून दोन्ही टिकली. तिसरा प्रकार ओल्या गंधाचा. ते काडीने रेखायचं, वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा कपाळाला धरून बसतो. घामाला तो फारशी दाद देत नाही, पण कडेला एकदा चीर पडली की तुकड्यातुकड्याने सुटतो आणि मग त्याची डागडुजी करता येत नाही.

पावडर, क्रीम आणि लिक्विड या तिन्हींचे स्वभाव असे एका कपाळावर पाहायला मिळतात. मेकअपच्या दुकानात आज मांडलेल्या शेकडो डब्या आणि बाटल्या या तीन स्वभावांच्याच आहेत. दमट उन्हाळ्यात चेहरा दहा तास टिकवायचा असेल तर ‘यांतलं कुठलं चांगलं’ हा प्रश्न फार पुढे नेत नाही. चेहऱ्याच्या कुठल्या भागावर कुठलं, कशाच्या आधी आणि किती पातळ, हे विचारलं तर उत्तर सापडतं. ज्या मेकअपमुळे मला हे नीट उमगलं त्याचं रसग्रहण इथे करते आहे.

लग्न माझ्या भाचीचं, चिपळूणजवळच्या गावात, मे महिन्याच्या मध्यावर. घरापुढे मांडव, वर पत्रे आणि त्याखाली कापड, चार उभे पंखे. त्या दिवसांत कोकणात पारा तेहतीस-चौतीसच्या फारसा वर जात नाही, पण हवा पाण्याने जड झालेली असते. घाम येतो आणि वाळत नाही. मुहूर्त दुपारी बाराच्या आतला, त्यानंतर लाजाहोम, सप्तपदी, पंगत, आणि निघेपर्यंत चार-साडेचार. म्हणजे सकाळी सातला लागलेला मेकअप दुपारी चारच्या फोटोत दिसणार होता. मेकअप करायला शहरातून एक ब्युटिशियन ताई आल्या होत्या. मी त्यांना ‘थोडा वेळ बसू का?’ विचारून कोपऱ्यात बसले आणि त्यांचं काम संपेपर्यंत उठले नाही.

पहिली दाद द्यायची ती त्यांनी ठरवलेल्या क्रमाला. सहसा आधी मेकअप होतो आणि मग नऊवारी नेसवतात. नेसवणं म्हणजे अर्धा-पाऊण तास उभं राहणं, कासोटा खोचताना वाकणं, दोघी बायकांनी दोन्ही बाजूंनी ओढणं. त्यात नवरी घामाने निथळते. ताईंनी आधी केस बांधले, मग नऊवारी नेसवली, त्यानंतर भाचीला पंख्यासमोर बसवून दहा मिनिटं काहीच केलं नाही. पातळ सुती कापडात बर्फ गुंडाळून कपाळ, मान आणि ओठांच्या वरच्या जागेवर तो फिरवला, कोरड्या टॉवेलने टिपून घेतलं, आणि छातीवर जुनी ओढणी टाचून मग बाटली उघडली. बर्फाचा परिणाम अर्ध्या तासापलीकडे राहत नाही. पण तेवढा वेळ त्यांना पुरेसा होता, कारण जो थर घामाशी टक्कर देणार तो बसेपर्यंतच त्यांना कोरडी त्वचा हवी होती.

तो थर लिक्विडचा. दहा-बारा तास टिकतं म्हणून विकलं जाणारं जे लिक्विड फाउंडेशन असतं त्यात रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, पिवळे, तांबडे, काळे, आणि पांढरेपणासाठी टिटॅनियम डायऑक्साइड. हा रंग उडून जाणाऱ्या एखाद्या पातळ द्रवात कालवलेला असतो. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत सुरुवातीलाच आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं दिसली तर हा तो द्रव समजावा. त्याच यादीत ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट असं लांबलचक नाव असलं तर ती पापुद्रा धरणारी राळ. द्रव दोन-तीन मिनिटांत उडून जातो, राळ आणि रंग मागे राहतात, आणि चेहऱ्यावर एक लवचिक पापुद्रा तयार होतो. ओल्या गंधाचंच काम, फक्त अधिक सफाईने केलेलं. यादी पाण्याने सुरू होत असेल आणि पुढे ही नावं नसतील, तर बहुधा ते फाउंडेशन ओलसर, तुकतुकीत दिसण्यासाठी केलेलं असतं. थंड हवेच्या ठिकाणी ते फार देखणं दिसतं. मे महिन्यातल्या मांडवात त्याला हात लावू नये.

ताईंनी पूर्ण चेहऱ्याला मिळून मोठ्या मटाराच्या दाण्याएवढं लिक्विड घेतलं. एवढंसं! मी मनात म्हटलं, हे कपाळालाच पुरणार नाही. त्यांनी गालाच्या मध्यापासून सुरुवात केली, स्पंज ओला करून घट्ट पिळलेला होता, आणि तो घासत नव्हत्या, टपटप दाबत होत्या. गालावरून उरलेलं कपाळावर, कपाळावरून उरलेलं नाकावर, आणि ओठांच्या वर तर जेमतेम स्पंजला चिकटलेला रंग गेला. हे उलटं वाटतं, कारण घाम सर्वांत जास्त ओठांच्या वर आणि नाकावर, म्हणजे तिथे जास्त मजबूत लेप हवा असं कुणालाही वाटेल. पण घाम आतून येतो. त्वचेतून बाहेर पडणारा थेंब पापुद्र्याला खालून उचलतो, आणि पापुद्रा जितका जाड तितकं त्याचं उचललेलं टोक ठळक दिसतं. ओठांवरची सततची धार कुठलंही फॉर्म्युलेशन थांबवू शकत नाही. तिथला रंग जाणारच. तो जाताना दिसू नये, एवढंच आपल्या हातात असतं, आणि मुळात तिथे रंग जवळजवळ नसला तर गेलेला कळत नाही. या मेकअपमधला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटला.

मग त्या थांबल्या. बोटाची मागची बाजू गालाला लावून पाहिली, किंचित चिकट लागलं, पुन्हा थांबल्या. भाचीची आई दारातून डोकावून म्हणाली, “ताई, अहो भटजी विचारतायत, किती वेळ?” त्यावर ताई मान न वळवता म्हणाल्या, “वहिनी, आत्ता दोन मिनिटं घाई केली ना, तर दुपारी दोन तास मला तिच्या मागे फिरावं लागेल.” अर्धवट वाळलेल्या पापुद्र्यावर दुसरा हात फिरला की खालचा थर सुटून त्याच्या बारीक गुठळ्या होतात, रबराने पेन्सिल खोडल्यावर पडतात तशा. त्या दिसल्या की ओळखावं, एकतर घाई झाली किंवा खाली लावलेलं क्रीम आणि वरचं लिक्विड यांचं जमत नाही. पाण्यावर आधारलेल्या प्रायमरवर सिलिकॉनचं फाउंडेशन पुष्कळदा असं सुटतं. म्हणून लग्नाच्या आधी एकदा त्याच क्रमाने, त्याच बाटल्यांनी करून पाहणं जरुरीचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या थांबण्यातच पाहिली, ती म्हणजे रंग. जबड्याच्या कडेला लावलेला रंग लगेच जुळतो की नाही हे फारसं महत्त्वाचं नसतं. पंधरा-वीस मिनिटांनी त्वचेतलं तेल रंगात उतरतं आणि पुष्कळ फाउंडेशन गडद होतात. त्यातच आदल्या दिवशीची हळद. हळदीचा पिवळेपणा चेहऱ्यावर आणि मानेवर एक-दोन दिवस राहतो, आणि कुणी तो साबणाने घासून काढायला गेलं तर काही वेळ तांबूस होतो, कारण हळदीचा रंग अल्कलीच्या संगतीने लाल होतो. कुंकूही तसंच हळदीत चुना मिसळून होतं. ताईंनी आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं की साबण नको, कच्च्या दुधात बेसन कालवून हलक्या हाताने काढा. तरी उरलेला पिवळेपणा धरूनच त्यांनी रंग निवडला, आणि तो मानेशी जुळवला, गालाशी नाही.

आता क्रीम. क्रीम म्हणजे तेल, मेण आणि रंग. त्यात उडून जाणारं काही नसल्यामुळे ते कधीच वाळत नाही. मेण स्वतः चेहऱ्याच्या उष्णतेने वितळत नाही. मधमाश्यांचं मेण वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं. पण तेलात मिसळलेलं मेण त्वचेच्या उबेने मऊ पडतं, आणि त्वचेतून येणारं तेल त्यात विरघळून ते आणखी सैल करतं. म्हणून पूर्ण चेहऱ्यावर क्रीम किंवा स्टिक लावलेली नवरी सकाळी अप्रतिम दिसते आणि दुपारी तिच्या नाकपुड्यांच्या कडेला रंग जमा झालेला दिसतो. पण क्रीमचा एक गुण दुसऱ्या कुठल्याही प्रकारात नाही. ते त्वचेत मिसळून जातं आणि त्वचेसारखं हलतं. डोळ्यांखालची त्वचा दिवसभर हलत असते. तिथे वाळलेला पापुद्रा सुरकुततो, म्हणून तिथे ताईंनी क्रीम कन्सीलर घेतलं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि अनामिकेने दाबून बसवलं. गालाच्या उंचवट्यावर क्रीमचा गुलाबी रंग लावला, कारण कपाळाच्या आणि ओठांवरच्या जागेच्या मानाने गालांना घाम कमी येतो. क्रीम दोनच जागी लावलं, आणि दोन्ही जागा विचार करून निवडलेल्या होत्या.

त्यानंतर पावडर, आणि इथे मेणाच्या डबीची शिकवण अक्षरशः आली. कन्सीलरवर आणि गालावरच्या क्रीमवर त्यांनी पावडर दाबली. मखमली पफवर पावडर घेतली, हाताच्या तळव्यावर पफ दुमडून घासली, म्हणजे पावडर पफच्या तंतूंत शिरली, आणि मग त्वचेवर पफ ठेवून किंचित फिरवल्यासारखा दाबला. ब्रशने पावडर उडवली तर ती वर बसते, दाबली तर मेणात रुतते. पिंजरही अशीच दाबली जायची, शिंपडली जात नसे. गालावर पावडर दाबून झाल्यावर त्याच छटेचा कोरडा गुलाबी रंग वर आला. खाली क्रीम, वर पावडर, दोन्ही एकाच रंगाचे. वरचा कोरडा रंग घामाने फिका पडला तरी खालचा क्रीमचा दिसत राहतो, आणि गाल एकदम पांढरे पडत नाहीत.

पूर्ण चेहऱ्यावर मात्र त्यांनी पावडर घातली नाही. कपाळाचा मध्य, नाक, नाकाच्या दोन्ही बाजू आणि हनुवटी, बस्स. पावडरीत टाल्क, अभ्रक, सिलिका, कधी मक्याचं किंवा तांदळाचं पीठ असतं. सिलिकाचे बारीक गोळे तेल पितात, म्हणून नाकाला ते योग्य. पण पावडर घामात भिजली की तिचा रंग गडद होतो आणि ती रेषांत साचते, आणि पिठाची पावडर तर ओलाव्याने फुगून गोळा होते. त्यामुळे कोकणातल्या हवेत जितकी पावडर जास्त तितके दुपारी डाग जास्त. निव्वळ सिलिकाच्या अगदी पांढऱ्या, वजनच नसलेल्या पावडरीचा आणखी एक धोका आहे. उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की प्रकाश परत फेकते आणि फोटोत डोळ्यांखाली पांढरे पट्टे उमटतात. ताईंनी मोबाईलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला, पाहिला, आणि नाकाच्या बाजूची जादा पावडर ब्रशने झाडली.

रंगभूमीवर पूर्वापार चालत आलेला पॅनकेक याच कुळातला. पावडर दाबून केलेली वडी, ती ओल्या स्पंजने उचलून लावायची. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स फॅक्टरने रंगीत सिनेमासाठी तो आणला, आणि आपल्या नाटक-तमाशांत तो शब्द असा रुळला की कुठल्याही फाउंडेशनला पॅनकेक म्हणणारे लोक अजून भेटतात. पाण्यातून जात असल्यामुळे पॅनकेक पातळ आणि एकसारखा बसतो, पाणी उडून गेलं की मॅट होतो. दिव्यांच्या प्रकाशात त्याला तोड नाही. पण ज्या पाण्याने तो बसतो त्याच पाण्याने तो उठतो. कानशिलावरून एक ओघळ आला की त्याची सरळ रेघ पडते. कलावंताला दोन प्रवेशांच्या मध्ये आत जाऊन ती रेघ बुजवता येते. नवरीला होमापुढून उठून आत जाता येत नाही.

मला त्या मेकअपमधला सर्वांत आवडलेला भाग डोळ्यांचा. लाजाहोमाचा धूर डोळ्यांत जाणार आणि पाठवणीला डोळे भरणार हे ठरलेलं. वॉटरप्रूफ काजळ म्हणजे पाण्याने न जाणारं, तेलाने न जाणारं नव्हे, आणि पापणीला तर दिवसभर तेल सुटत असतं. अश्रूंना टिकलेलं काजळ दुपारी पापणीच्या तेलाने पसरतं आणि डोळ्याखाली राखाडी सावली येते. ताईंनी वरच्या पापणीच्या कडेने मेणाची काळी पेन्सिल ओढली, लगेच एका चपट्या बारीक ब्रशने काळी कोरडी आयशॅडो त्या रेघेवर दाबली, आणि थोडं थांबून त्यावर लिक्विड लायनरची केसाएवढी रेघ काढली. तीन प्रकार एका मिलिमीटरच्या जागेत, एकमेकांना धरून. खालच्या पापणीच्या आत काजळ अगदी थोडं, फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात, आणि त्याच्या खाली कोरड्या पावडरीचा पातळ पट्टा, म्हणजे काजळ खाली उतरलं तर पावडरीवर अडेल. मस्कारा त्यांनी असा घेतला की जो प्रत्येक केसाभोवती पॉलिमरची नळी करतो. तो तेलाने विरघळत नाही, कोमट पाण्याने नळ्यांसकट सुटतो.

ओठांवर मात्र त्यांनी लिक्विड टाळलं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं. न पुसल्या जाणाऱ्या लिक्विड लिपस्टिकची एवढी चलती असताना साधी क्रीमची कांडी? “मामी, पंगतीत मसालेभातावर तूप वाढणार ना?” त्या म्हणाल्या. लिक्विड लिपस्टिकचा पापुद्रा पाण्याला हटत नाही, पण तुपाने ओठांच्या आतल्या कडेपासून तुटायला लागतो. तुटल्यावर वर नवा थर दिला तर तो जाड होऊन पोपडे निघतात, आणि पूर्ण काढायला तेल लागतं, म्हणजे आसपासचा चेहराही गेला. क्रीम जातं, पण वर पुन्हा लावता येतं. त्यांनी आधी पूर्ण ओठ लिप पेन्सिलने भरले, क्रीम लावलं, टिश्यू ओठांत दाबून तेल टिपलं, टिश्यूचा एक सुटा पदर ओठांवर ठेवून त्यावरून पावडर दाबली, आणि वर पुन्हा क्रीमचा पातळ हात. चेहऱ्यावर टिकाऊपणाला महत्त्व, ओठांवर दुरुस्तीला, असा भेद एकाच चेहऱ्यात करायला नजर लागते.

शेवटी कपाळ. चंद्रकोरीच्या जागेवरचं फाउंडेशन त्यांनी ओल्या कापसाने पुसून काढलं, कोरडं केलं, आणि त्या उघड्या त्वचेवर मेण आणि पिंजर. पापुद्र्यावर मेण लावलं तर मेणातलं तेल हळूहळू पापुद्रा सैल करतं आणि कुंकू खालच्या थरासकट घसरतं. त्वचेवर लावलेलं मेण त्वचेलाच धरून राहतं. वर सेटिंग स्प्रेचे चार फवारे, हातभर अंतरावरून, डोळे आणि तोंड मिटून. त्यात अल्कोहोल आणि पापुद्रा धरणारं पॉलिमर असतं. अल्कोहोल उडून गेलं की सुट्या पावडरीला एक पातळ बंध बसतो. तो पूर्ण वाळेपर्यंत भाचीला त्यांनी हसूही दिलं नाही.

मग ती मांडवात गेली, आणि पुढचे तास मी एकाच गोष्टीकडे पाहत होते. मुंडावळ्यांचे पदर कानशिलांवर घासत होते आणि तिथे घामाची ओळ जमत होती. एका बाजूचा रंग जरा उडाला, पण मुंडावळ्यांच्या आडच. सवाष्णींनी येऊन चंद्रकोरीवर पुन्हा पुन्हा कोरडं कुंकू लावलं, तेव्हा नाकावर लाल भुकटी सांडली. हे दर लग्नात होतं, आणि नाक चिकट असेल तर ती भुकटी तिथेच रंगते, पुसलं तर लाल पट्टा होतो. इथे नाकावर पावडर दाबलेली होती, म्हणून ताईंनी पुढे होऊन कोरड्या ब्रशने दोन झटके दिले आणि नाक स्वच्छ झालं. एवढा छोटा प्रसंग, पण सकाळी कपाळ आणि नाक यांच्यात केलेला भेद इथे फळाला आला.

लाजाहोमानंतर कपाळावर बारीक ठिपके दिसू लागले. पापुद्र्याला खालून घामाने उचललं की असे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. भाचीच्या आत्याने रुमाल काढला, तोच ताई म्हणाल्या, “आत्या, पुसू नका, नुसतं टेकवा.” टिश्यूचे दोन पदर कपाळावर ठेवून त्यांनी तळव्याने दहाएक सेकंद दाबून धरलं. घाम टिश्यूत गेला आणि ठिपके बरेचसे परत बसले, कारण पापुद्रा लवचिक असतो, त्याला घासलं नाही तर तो पुन्हा त्वचेला लागतो. पावडरची डबी त्यांनी तेव्हा उघडलीही नाही. ओल्या घामावर पावडर म्हणजे पीठ भिजवणं, त्याचा तिथेच लेप होतो. नाकाच्या बाजूला मात्र चकाकी होती, ठिपके नव्हते. म्हणजे तिथे तेल, घाम नव्हे. तेल टिपायचा पातळ कागद लावून मग तिथे पफचा एकच दाब त्यांनी दिला. ठिपके दिसले तर टिश्यू, चकाकी दिसली तर तेलाचा कागद आणि मग पावडर, आणि रेषेत साचलेलं दिसलं तर आधी ओलसर स्पंजने जादा पावडर उचलायची, वर काहीही घालायचं नाही. चेहऱ्यावर काय बिघडलं हे न ओळखता डबीला हात घालणं हाच बहुतेक बिघाडांचा उगम असतो.

पंगत उठल्यावर ओठांचा मधला रंग गेला होता, पेन्सिलची कड शाबूत होती. क्रीमचा एक हात, टिश्यू, संपलं. चारच्या सुमारास गाडीजवळ फोटो काढले तेव्हा ओठांच्या वरचा रंग पूर्ण गेलेला होता, कपाळ सकाळपेक्षा अर्ध्या छटेने गडद होतं, डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात काजळाची पुसट रेघ उतरली होती. गाल जसेच्या तसे. चंद्रकोरीची कड अजून रेखीव. मुखवट्यासारखा अबाधित चेहरा मला चांगला मेकअप वाटत नाही. नऊ तास घामात बसलेल्या मुलीचा चेहरा असा थोडा सैल झालेला, पण कुठेही न फुटलेला असावा.

हे सगळं दमट हवेचं गणित, आणि ते जसंच्या तसं विदर्भात नेलं तर फसतं. मे महिन्यात नागपुरात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो, मागे मीठ आणि ताणलेली त्वचा राहते. तिथे पापुद्रा खालून उचलला जात नाही, तर आक्रसतो, आणि हसल्यावर गालांच्या घडीत त्याला बारीक चिरा पडतात. पावडर कोरड्या, सुटलेल्या त्वचेच्या पापुद्र्यांना धरून बसते आणि नाकाच्या बाजूला पांढरी दिसते. चिपळुणात जिथे ताईंनी क्रीम दोन जागांपुरतं ठेवलं, तिथे नागपुरात गाल, डोळ्यांखाली आणि तोंडाच्या कडांना क्रीमच घ्यावं, लिक्विड फक्त कपाळ आणि नाकापुरतं, आणि पावडर नाकाच्या शेंड्यावर. मॉइश्चरायझरही तिथे जरा घट्ट लावून वीस मिनिटं मुरू द्यावा. ठिपके तिथे दिसणार नाहीत, चिरा दिसतील, आणि चिरांवर टिश्यू किंवा पावडर चालत नाही. स्वच्छ बोटावर क्रीम कन्सीलरचा कण घ्यायचा, दोन बोटांत उबदार करायचा आणि चिरेवर दाबून बसवायचा.